फोटोतली नोटीस घरच्या म्हाताऱ्यांना सांगताना: कोणतं वाक्य कागदी ठेवायचं, कोणतं बोलीत आणायचं

मे-जून आला की मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दारांवर, जिन्यात, सोसायटीच्या फलकावर महानगरपालिकेच्या नोटिशा लागतात. घरातलं ज्येष्ठ माणूस मोबाइलवर तिरका फोटो काढतं आणि डोंबिवलीला, पुण्याला किंवा परदेशात असलेल्या भाच्याला, नातीला पाठवतं: "हे काय आहे बघ रे." उत्तरात बहुतेक वेळा दोनपैकी एक चूक होते. एक तर नोटीस शब्दशः वाचून दाखवली जाते आणि समोरच्याला "सदर" आणि "अन्वये" यांपलीकडे काही कळत नाही. नाही तर "काही नाही गं, दुरुस्ती करा म्हणतायत" असं एका वाक्यात संपवलं जातं, आणि मुदत, आदेश, न पाळल्यास काय, हे सगळं त्यात गळून जातं.

पूर्ण नोटिशीला एकच सूर लावायचा ठरवलं की ही चूक होणारच. सूर वाक्यागणिक ठरवायचा असतो, आणि त्यासाठी प्रश्न एकच: हे वाक्य आजी-आजोबा पुढे कुठे वापरणार? जे वाक्य त्यांना वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर, सोसायटीच्या सचिवापुढे किंवा वकिलापुढे सांगावं लागेल, ते कागदावरच्याच शब्दांत ठेवायचं. जे वाक्य त्यांना घरात पाळायचं आहे, ते घरातल्या भाषेत सांगायचं.

खाली एकच प्रकार घेतला आहे, धोकादायक किंवा दुरुस्तीयोग्य इमारतीची, मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ ची नोटीस. उदाहरणातली माणसं म्हणजे आत्या आणि आतोबा, आणि सांगणारा त्यांचा भाचा. यात सूर चुकला तर माणसं विनाकारण घर सोडायला निघतात, किंवा सोडायला हवं तेव्हा बसून राहतात.

## तयारी: फोटो पुरेसा आहे का ते आधी बघा

अर्धवट फोटोवरून सांगायला बसू नका. पहिला फोटो बहुधा मधल्या मजकुराचा असतो. वरचा जावक क्रमांक व दिनांक आणि खालची सही, शिक्का व परिशिष्ट कापलेलं असतं. कामाची निम्मी माहिती या कापलेल्या भागातच असते.

आत्या-आतोबांना फोटो परत काढायला सांगताना "नीट काढ" म्हणून उपयोग नाही. नेमकं सांगा: "कागदाचे चारही कोपरे दिसू देत. लाइट लाव, पण मोबाइलचा फ्लॅश बंद ठेव. मागची बाजू कोरी असली तरी तिचाही एक काढ." पावसापासून वाचवायला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेल्या नोटिशीवर फ्लॅश नेमका तारखेवर चमकतो. शेजारच्या कुणाकडून काढून घेता आला तर उत्तम. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर अक्षरं फुटत नाहीत.

सोबत एक गोष्ट विचारून लिहून ठेवा: नोटीस कधी आणि कशी मिळाली? हातात दिली, पोस्टाने आली की भिंतीवर लावलेली दिसली? मुदत बऱ्याचदा "नोटीस मिळाल्यापासून" मोजायची असते, त्यामुळे छापलेल्या तारखेइतकीच ही तारीख महत्त्वाची.

तपासा: जावक क्रमांक, दिनांक, कुणाच्या नावे, कलम, मुदत, सही करणाऱ्याचं पद आणि परिशिष्ट ही सात ठिकाणं फोटोत स्पष्ट वाचता येतात का? एखादं येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: आधी जशीच्या तशी उतरवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. फोटोकडे बघत थेट बोलीत सांगायला लागलं की डोळा अवघड शब्दांवरून घसरतो, आणि घसरलेला शब्द नेमका "अन्यथा" किंवा "पर्यंत" असतो.

म्हणून मूळ मजकूर अक्षरशः टाइप करा किंवा कागदावर लिहा. शुद्धलेखन सुधारू नका. वाचता आलं नाही तिथे "इथे वाचता येत नाही" असं लिहा, अंदाजाने भरू नका. हाताने भरलेल्या आकड्यांकडे दोनदा बघा. अस्पष्ट फोटोत १ आणि ९ यांची अदलाबदल सहज होते, घाईत लिहिलेले ४ आणि ५ सुद्धा फसवतात. शंका असेल तर फोन करून विचारा: "कागदावर बोट ठेवून सांग, जूनची कितवी तारीख आहे?"

नोटीस इंग्रजीत छापलेली असेल तर या टप्प्यावर एक काम वाढतं. कायद्याच्या शब्दांना स्वतःचे मराठी शब्द जुळवू नका. वॉर्ड ऑफिसात जो मराठी शब्द चालतो तोच घ्या: भोगवटादार, संरचनात्मक तपासणी, इमारत व कारखाने विभाग. तुम्ही "राहणारे" लिहून दिलंत आणि आतोबांनी खिडकीवर तेच सांगितलं, तर समोरचा कारकून भाडेकरू आहात की मालक, हे विचारत बसेल.

## टप्पा २: चार प्रश्नांची उत्तरं शोधा

उतरवलेल्या मजकुरावर पेन्सिलीने खुणा करा. आदेश कुणाला आहे? काय करायचा आहे? कधीपर्यंत? न केल्यास काय? नोटिशीत ही उत्तरं या क्रमाने येत नाहीत, आणि कधी कधी दोन उत्तरं एकाच लांबलचक वाक्यात अडकलेली असतात.

"कुणाला" इथे सर्वांत जास्त घोळ होतो, आणि त्याचं कारण "आपण". नोटिशीतला "आपण" म्हणजे ज्याच्या नावे कागद निघाला ती व्यक्ती किंवा संस्था. घरात "आपण" म्हणजे तू, मी, सगळे. "आपण दुरुस्ती करून घ्यावी" हे वाक्य तसंच वाचलं की आत्याला वाटतं, आता आपल्याच खिशातून गवंडी बोलवायचा. तेव्हा "आपण" तसाच कधीही सोडू नका. त्या जागी मालक, सोसायटी किंवा भोगवटादार, जे नाव वर लिहिलं असेल ते घाला.

तीच गोष्ट "देण्यात यावेत", "करण्यात येईल" या रचनांची. त्यात करणारा दिसत नाही. बोलीत आणताना करणारा सांगावाच लागतो. तो नोटिशीत सापडला नाही तर तुम्ही ठरवू नका, सोसायटीच्या सचिवाला विचारा.

इशारा: "करावे" हे नोटिशीत आलं तर तो आदेश असतो. बोलण्यात "करावं" म्हणजे "केलंस तर बरं". त्यामुळे "दुरुस्ती करावी" हे "दुरुस्ती करावी असं म्हणतायत" असं सांगितलं की आदेशाचा सल्ला होतो. बोलीत "करायचीच आहे" किंवा "केली पाहिजे" म्हणा. पाणीकपातीच्या पत्रकात मात्र "सहकार्य करावे ही विनंती" असतं, तिथे इतका जोर लागत नाही.

## टप्पा ३: वाक्यागणिक सूर ठरवा

आता प्रत्येक वाक्यापुढे "कागदी" किंवा "बोली" असं लिहा.

कागदी ठेवायचं ते थोडंच असतं: कलम, जावक क्रमांक, तारीख, मुदतीचं वाक्य, इमारतीचा प्रवर्ग, आणि ज्या विभागाकडे जायचं त्याचं नाव. यांना प्रेमळ करण्याचा प्रयत्न केला की ते निरुपयोगी होतात. "महिनाभरात" आणि "नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत" हे ऐकायला सारखंच वाटतं, पण पहिल्याचा शेवटचा दिवस कोणता हे कुणी सांगू शकत नाही.

सगळ्यात जपायचा तो प्रवर्ग. मुंबईत जुन्या इमारतींचं वर्गीकरण चार प्रकारांत होतं. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडायचा. सी-२बी म्हणजे माणसं राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. बोलीत या चारही प्रकारांना लोक "बिल्डिंग धोकादायक निघाली" एवढंच म्हणतात. पंच्याहत्तरीच्या माणसाला त्या एका शब्दातून बिल्डिंग कोसळतानाच दिसते. सी-२बी असताना असं सांगितलंत तर रात्रभर झोप नाही, आणि सी-१ असताना "दुरुस्ती निघालीय" म्हटलंत तर जीवाशी खेळ. म्हणून प्रवर्गाचं अक्षर आणि आकडा जसाच्या तसा उच्चारा आणि लगेच पुढे त्याचा अर्थ बोलीत जोडा. दोन्ही एकाच वाक्यात हवेत. पुढे सोसायटीच्या बैठकीत कुणी म्हणालं, "आपली सी-वन आहे," तर आत्याला तिथल्या तिथे "नाही, सी-टू-बी आहे" म्हणता यायला हवं.

तपासा: नोटिशीवर प्रवर्ग लिहिलेलाच नसेल तर शब्दांवरून तो ठरवू नका. "प्रवर्ग नोटिशीत नाही, सचिवांना विचारायचा" असं लिहून ठेवा.

बोलीत आणायचं ते बाकी सगळं. कुठे जायचं नाही, काय उचलायचं नाही, कुणाला घरात येऊ द्यायचं, कुठल्या कागदावर सही करायची. यात "सदर भागाचा वापर करू नये" तसंच ठेवलं तर ते कुणी पाळणार नाही, कारण "सदर भाग" म्हणजे आपली कपडे वाळत घालायची गॅलरी, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

"सदर", "उपरोक्त", "उक्त" यांना तर कुठेच जागा देऊ नका, कागदी भागातही नाही. ते मागच्या एखाद्या नावाकडे बोट दाखवतात. ते नाव शोधा आणि तिथे लिहा.

आणि "निष्कासित करावी" दिसलं तर सावध व्हा. इमारतीबद्दल असेल तर त्याचा अर्थ पाडून टाकावी. घरातून माणसं हाकलणार, असा अर्थ घेऊन घाबरलेली मंडळी असतात. इथे मूळ शब्द ठेवा आणि अर्थ शेजारी लिहा.

## टप्पा ४: एक नोटीस पूर्ण करून बघू

समजा, आत्या-आतोबा मुलुंड पूर्वेला चार मजली जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. नोटीस सोसायटीच्या सचिवांच्या नावे आहे, प्रत फलकावर लावली आहे, आणि सचिवांना ती सोमवारी, ९ जून २०२५ रोजी मिळाली. हा मजकूर नमुन्यादाखल रचला आहे, पण भाषा नेहमीचीच:

> ज्याअर्थी, संरचनात्मक तपासणी अहवालानुसार सदर इमारत सी-२बी या प्रवर्गात मोडत असल्याचे निदर्शनास आले आहे, त्याअर्थी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५४ अन्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत सदर इमारतीची दुरुस्ती नोंदणीकृत संरचनात्मक अभियंत्याच्या देखरेखीखाली करून घ्यावी. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत परिशिष्टात नमूद केलेल्या भागांस टेकू देण्यात यावेत व सदर भागांचा वापर करू नये. अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल. कसूर केल्यास सदर काम महानगरपालिकेमार्फत करण्यात येऊन खर्च आपणांकडून वसूल करण्यात येईल.

परिशिष्टात लिहिलं आहे: "पश्चिमेकडील सज्जे, पहिला ते चौथा मजला."

आधी "कुणाला". सचिवांच्या नावे आहे, म्हणजे दुरुस्ती सोसायटीने करायची. आत्याने काही बांधकाम करायचं नाही. तिच्या वाट्याला वर्गणी येऊ शकते, पण ते नोटिशीत नाही. त्यामुळे ते नोटिशीचं म्हणून सांगायचं नाही.

मग मुदत. मिळालेला दिवस सोडून मोजलं तर ३० वा दिवस बुधवार, ९ जुलै. फोटोत ९ चा १ वाचला गेला असता तर तुम्ही १ जुलै सांगितला असता आणि आठ दिवस उगाच धावपळ झाली असती. उलट वाचलं गेलं असतं तर मुदत हातातून गेली असती. आणखी एक लक्षात घ्या: नोटीस "करून घ्यावी" म्हणते. काम सुरू करायचं की पूर्ण करायचं, हे ती फोड करून सांगत नाही. तुम्ही "सुरू करायचंय" म्हणालात तर तो शब्द तुमचा झाला. इथे मूळ वाक्य ठेवायचं आणि नेमका अर्थ सचिवांनी इमारत व कारखाने विभागात विचारायचा, असं सांगायचं.

"सज्जे" या शब्दापाशी थांबा. सज्जा म्हणजे गॅलरी, पण बरेच लोक खिडकीवरच्या छज्ज्यालाही तेच म्हणतात. आत्याच्या घरात पश्चिमेला हॉलची गॅलरीही असेल आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर छज्जाही. कुठल्या भागावर बंदी आहे, हे तपासणी अहवालातल्या नकाशावरून किंवा सचिवांकडून कळेल. कळेपर्यंत दोन्हींपासून लांब राहा, असं सांगणं शहाणपणाचं. फक्त "हे मी खबरदारी म्हणून सांगतोय" एवढं जोडायचं.

"जीवित व वित्तहानीस आपण सर्वस्वी जबाबदार" या वाक्याचं काय करायचं? माझ्या मते ते आत्याला ऐकवायची गरज नाही, कारण त्यातला "आपण" सोसायटी आहे. पण गाळलं, हे आतोबांना सांगावं. घरात कुणीतरी एकाने पूर्ण मजकूर वाचलेला असला पाहिजे. शेवटचं वाक्य मात्र सांगायचं: सोसायटीने काम केलं नाही तर महानगरपालिका करून घेईल आणि खर्च सोसायटीकडून वसूल करेल. हे सौम्य करू नका. बैठकीत कुणी "नोटिशा येतच असतात" म्हणालं तर उत्तर द्यायला हेच वाक्य हाताशी लागतं.

आता आत्याला पाठवायची व्हॉइस नोट. पूर्ण बोलीत:

> आत्या, नोटीस अख्खी वाचली. घर रिकामं करा असं त्यात कुठेही नाही. तुमची बिल्डिंग सी-टू-बी मध्ये आहे, म्हणजे तुम्ही घरात राहत असताना दुरुस्ती होते ती. दुरुस्ती सोसायटीने करायचीच आहे, मुदत ९ जुलै, बुधवार. तुम्ही दोघांनी एक गोष्ट पाळायची. हॉलच्या गॅलरीत अजिबात जायचं नाही. कपडे आत दोरीवर घाल. कुंड्या तू किंवा आतोबांनी उचलायच्या नाहीत. काय करायचं ते मी सचिवांना विचारून सांगतो. किचनच्या खिडकीच्या छज्ज्यावरही काही ठेवू नकोस, हे नोटिशीतलं नाही, माझं सांगणं आहे. कळलं नाही तर फोन कर.

आणि सोबत मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद. हा फ्रिजवर लावायचा आणि वॉर्ड ऑफिसला किंवा बैठकीला जाताना पिशवीत टाकायचा:

> कलम ३५४ ची नोटीस. जावक क्रमांक व दिनांक: (मूळ कागदावरून)
> सचिवांना मिळाली: ९ जून २०२५
> नावे: सचिव, सोसायटी
> प्रवर्ग: सी-२बी. राहत्या इमारतीत संरचनात्मक दुरुस्ती. रिकामी करण्याचा आदेश नाही.
> आदेश: "नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत" दुरुस्ती. शेवटचा दिवस ९ जुलै २०२५. न केल्यास काम महानगरपालिकेमार्फत, खर्च सोसायटीकडून वसूल.
> वापर बंद: पश्चिमेकडील सज्जे
> विचारायचं कुठे: टी विभाग कार्यालय, इमारत व कारखाने विभाग

दोन्ही सुरांतला मजकूर असा दोन जागी जातो. आवाजात कलमं नाहीत, कागदावर कुंड्या नाहीत. एकाच मेसेजमध्ये दोन्ही कोंबलं की आत्या अर्धं ऐकून शेजारणीला फॉरवर्ड करते, आणि तिथून ती नोटीस काय रूप घेईल सांगता येत नाही.

## टप्पा ५: सांगण्याचा क्रम उलटा करा

नोटीस कारणापासून सुरू होते आणि धमकीवर संपते. तुम्ही समोरच्याच्या भीतीपासून सुरू करा. इमारतीच्या नोटिशीत ती भीती एकच असते: घर सोडावं लागणार का? त्याचं उत्तर पहिल्या दोन वाक्यांत आलं नाही तर पुढचं काही ऐकलं जात नाही. त्यानंतर तारीख, मग घरात काय पाळायचं, आणि सगळ्यात शेवटी हे सगळं कशामुळे.

उत्तर "हो" असेल, म्हणजे सी-१ असेल, तरी क्रम हाच. फक्त ते व्हॉइस नोटवर सांगू नका. स्वतः जा, नाही तर जवळ राहणाऱ्या कुणाला तरी पाठवा. सूर हवा तेवढा मायेचा ठेवा, पण आदेशाचं वाक्य पातळ करू नका. "गणपती झाले की बघू", "सगळे जातील तेव्हा जाऊ" असली शेपटं त्याला लावायची नाहीत. "नोटीस म्हणते, बिल्डिंग तात्काळ रिकामी करायची आहे. आज रात्री तुम्ही माझ्याकडे येताय" यात दोन वाक्यं आहेत: पहिलं नोटिशीचं, दुसरं तुमचं. ती वेगवेगळीच राहू देत.

इशारा: "काही होत नाही, चाळीस वर्षं उभी आहे" हे वाक्य आतोबा म्हणतील. ते तुम्ही म्हणू नका. भिंतीला नवा तडा गेला, जुना रुंदावला किंवा प्लास्टरचे पोपडे पडायला लागले, तर १९१६ या महानगरपालिकेच्या क्रमांकावर फोन करायचा, हे कागदाच्या तळाशी लिहून ठेवा.

## टप्पा ६: संबोधन बदलू नका

ही बाब छोटी, पण चुकते फार. एरवी आत्याला "तू" म्हणणारा भाचा नोटीस सांगताना एकदम "तुम्ही असं करा, आपण काळजी घ्यावी" असं बोलायला लागतो, कारण कागदाची भाषा जिभेवर चढलेली असते. समोरच्याला लगेच कळतं की काहीतरी गंभीर आहे आणि हा लपवतोय. आत्याला "तू" असेल तर "तू" च, आतोबांना "तुम्ही" असेल तर "तुम्ही" च. दोघांना मिळून सांगताना "तुम्ही दोघं" म्हणा, म्हणजे कुणाला उद्देशून चाललंय याचा गोंधळ होत नाही.

लाडिक भाषाही नको. लहान मुलाला सांगतात तसं "गॅलरीत बुवा आहे" थाटात सांगितलं तर आतोबा मुद्दाम गॅलरीत जाऊन उभे राहतील. या पिढीने रेशन ऑफिस, एलआयसी, भाडेपावत्या सगळं स्वतः निभावलंय. त्यांना कायदा कळतो. वाक्य लांब झालं आणि अक्षर बारीक असलं की दमछाक होते, इतकंच.

## टप्पा ७: परत सांगायला लावा

"कळलं ना?" विचारू नका, उत्तर नेहमी "हो" येतं. त्याऐवजी विचारा: "खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं तर काय सांगशील?" मग गप्प बसून ऐका.

तीन गोष्टी कानावर आल्या पाहिजेत: राहायचं की निघायचं, कितवी तारीख, आणि गॅलरी. "महिन्याभरात काहीतरी करायचंय" असं आलं तर मुदतीचं वाक्य बोलीत जास्त विरघळलंय. तारीख वारासकट पुन्हा सांगा. "महापालिका म्हणते दुरुस्ती केली तर बरं" असं आलं तर "करावे" तसंच गेलंय. "आम्हाला दुरुस्ती करायला सांगितलीय" असं आलं तर "आपण" निसटलाय. कुठल्या वाक्याचा सूर चुकला, ते या उत्तरावरून अचूक कळतं. तेवढंच वाक्य दुरुस्त करून पुन्हा सांगायचं, सगळी नोटीस पहिल्यापासून नाही.

## सही मागितली तर

नोटिशीनंतर घरी कागद यायला लागतात: सोसायटीचं संमतिपत्र, तपासणीसाठी घरात येऊ देण्याचं पत्र, क्वचित बिल्डरच्या माणसाचं "फक्त एक सही". इथे बोली भाषांतर अजिबात पुरत नाही. ज्या कागदावर सही होणार, त्याचा फोटो आधी तुमच्याकडे आला पाहिजे, आणि तुम्ही तो पहिल्या टप्प्यापासून उतरवला पाहिजे. "पोच" म्हणून सही करणं म्हणजे कागद मिळाल्याचं मान्य करणं, "संमती" म्हणून करणं म्हणजे आतला मजकूर मान्य करणं. हे दोन शब्द आतोबांना मूळ रूपातच लक्षात ठेवायला लावा. सही करण्यापूर्वी कागदाच्या तळाशी यांपैकी कोणता शब्द आहे ते त्यांनी स्वतः वाचायचं, आणि दोन्ही नसेल तर "भाचा बघेल मग करतो" म्हणून कागद ठेवून घ्यायचा.

दोन अभियंत्यांचे अहवाल वेगळे निघाले, एकाने सी-१ म्हटलं आणि दुसऱ्याने सी-२बी, तर प्रकरण महानगरपालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाऊ शकतं. तोपर्यंत फ्रिजवरच्या कागदावर प्रवर्गापुढे "वाद चालू" असं लिहा आणि गॅलरीची ओळ तशीच ठेवा. नवी नोटीस आली की जुना कागद काढून नवा लावा. जुन्यावर दुरुस्ती करू नका. जुना फाइलमध्ये, मूळ नोटिशीच्या फोटोच्या छापील प्रतीमागे टाचून ठेवा.